दोन पानांचे टिपण आणि ४१ ग्रॅम

महाराष्ट्राच्या आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवण मिळते. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी आणि सोबत अंडे किंवा केळी. डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने २०१५ मध्ये सुरू झालेली ही अमृत आहार योजना. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून बाई त्या जेवणाची हक्कदार होते. अशा जेवणाने नेमके काय साधते, यावर देशोदेशी पुष्कळ संशोधन झाले आहे. ते वाचून, त्यातले कामाचे वेचून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांपुढे दोन पानांत ठेवायचे, याला धोरणविषयक टिपण म्हणतात. दोनच पाने, कारण ते बहुधा बैठकीला जाता जाता वाचले जाते.

लिहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. वाचणाऱ्याच्या हातात काय आहे? जेवणाचा निधी आदिवासी विकास विभागाचा, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. ताटातले पदार्थ आणि दर राज्य पातळीवर ठरतात. म्हणून ‘दर वाढवावा’ ही शिफारस कितीही खरी असली, तरी या टिपणात ती वाया जाते. आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात उपकेंद्राची एएनएम आहे, गरोदर बाईची पहिली नोंदणी आहे, वजनकाटा आणि प्रसूतीचे रजिस्टर आहे. पुरावा मांडायचा तो एवढ्या गोष्टींशी जोडूनच.

मग पुरावा. ऊर्जा आणि प्रथिने योग्य प्रमाणात देणाऱ्या पूरक आहाराच्या चाचण्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात एकत्र केल्या आहेत. असा आहार मिळालेल्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी ४१ ग्रॅमने जास्त भरले. टिपणात एवढेच लिहिले तर अधिकारी म्हणणार, एका अंड्याइतकेही वजन नाही, त्यासाठी एवढा खटाटोप? त्यांचे चूक नाही, चूक लिहिणाऱ्याची. सरासरी सगळ्या बाळांवर पसरते आणि जी बाळे काठावर आहेत त्यांचे काय झाले हे तिच्यात दिसत नाही. त्याच आढाव्यात दुसरा आकडा आहे: गर्भवयाच्या मानाने लहान जन्मणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी घटले. हाही आकडा तसाच ठेवू नये, टक्क्याचा टक्का डोक्यात शिरत नाही. एखाद्या तालुक्यात १०० बाळांपैकी ३० अशी लहान जन्मत असतील, तर आहारामुळे ती २४ च्या आसपास येतील, असे लिहावे. ३० ऐवजी तिथे त्या जिल्ह्याचा आकडा घालावा.

मृतजन्मही घटल्याचे आढावा सांगतो, पण ती घटना मुळात विरळ असल्याने अंदाज सैल आहे. १००० प्रसूतींमागे १० मृतजन्म होत असतील तर ते ६ वर येतील, हा मधला अंदाज. प्रत्यक्षात ते ४ वरही येऊ शकतात, ९ वरही. टिपणात ६ च्या शेजारी ४ आणि ९ लिहिलेच पाहिजेत. पुढच्या वर्षी आकडा ९ आला तर अधिकाऱ्याला योजना फसली असे वाटू नये.

याच आढाव्यात एक इशाराही आहे. न्यूयॉर्कमधल्या एका चाचणीत प्रथिनांचे प्रमाण फार जास्त असलेला पूरक आहार दिला गेला, तेव्हा लहान बाळांचे प्रमाण वाढले. जेवणाऐवजी प्रथिनांची पावडर वाटण्याचा प्रस्ताव अधूनमधून पुढे येतो. त्याला उत्तर म्हणून हे एक वाक्य टिपणात हवेच. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून संतुलित ऊर्जा-प्रथिनांचा आहार सुचवते, तोही जिथे किमान २० टक्के स्त्रिया कृश आहेत अशा समाजासाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते आणि आदिवासी जिल्ह्यांत ते त्याहून वर जाते.

आता आपल्याकडचा पुरावा, कारण ‘हे परदेशातले झाले’ ही शंका हमखास येते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकात गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास झाला. पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार खाणाऱ्यांची बाळे मोठी होती. पण ज्या घरात दूध आणि फळे येतात, तिथे इतरही पुष्कळ गोष्टी बऱ्या असतात, त्यामुळे श्रेय आहाराचेच असे म्हणता येत नव्हते. ते तपासायला मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये ‘सरस’ प्रकल्प झाला. साडेसहा हजार स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला नाश्ता, तर दुसऱ्याला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा.

२०१४ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या स्त्रिया धरल्या तर जन्मवजनात ठोस फरक नव्हता. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून नाश्ता घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन ४८ ग्रॅमने जास्त होते. मात्र सर्वांत कृश स्त्रियांना हा लाभ दिसला नाही. हे टिपणातून गाळण्याचा मोह होतो, कारण योजनेचा रोख कृश बायकांवरच आहे. पण गाळू नये. त्या नाश्त्यातून मिळणारी ऊर्जा थोडी होती आणि उपाशी शरीर ती आधी स्वतःसाठी वापरत असावे, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तो खरा असेल तर पाड्यावरच्या कृश बाईला खाऊ नव्हे, पोटभर जेवण हवे. आणि ते तिच्याच पोटात जायला हवे, डब्यात घरी जाऊन पाच जणांत वाटले जाता कामा नये.

शेवटी जिल्ह्याचे स्वतःचे आकडे. ‘योजनेआधी कमी वजनाची बाळे इतकी, नंतर इतकी’ असा तक्ता प्रत्येक टिपणात मागितला जातो. तो देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. नियमित जेवायला येणारी बाई बहुधा अंगणवाडीजवळ राहणारी असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली बाई त्या यादीत नसतेच. दोघींच्या बाळांच्या वजनातला फरक जेवणाचा की परिस्थितीचा, हे रजिस्टर सांगू शकत नाही. दुसरी गोष्ट वजनांचीच. कमी वजनाचे बाळ म्हणजे २५०० ग्रॅमच्या आतले. रजिस्टरमधली वर्षाची वजने क्रमाने मांडली की बरोबर २५०० वर ढीग दिसतो आणि २४५०, २४८० च्या जागा रिकाम्या असतात. निसर्गात बाळे अशी जन्मत नाहीत. काटा शंभर-शंभर ग्रॅमच्या टप्प्यांचा असतो, किंवा लिहिणाऱ्या हातावर दडपण असते. असा ढीग असलेल्या आकड्यांवरून ४१ ग्रॅमचा फरक शोधायला जाणे व्यर्थ आहे.

म्हणून माझ्या मते अशा टिपणाच्या शिफारशी तीनच असाव्यात. पहिल्या नोंदणीतच वजन आणि उंची घेऊन कृश गरोदर बायकांची गाववार यादी एएनएमने अंगणवाडी सेविकेला द्यावी. त्या यादीतली प्रत्येक बाई महिन्यात किती दिवस प्रत्यक्ष अंगणवाडीत बसून जेवली, हे आरोग्य आणि बालविकास विभागांच्या मासिक बैठकीत एकत्र पाहावे. आणि प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्रात दहा ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा असावा. प्रत्येक शिफारशीपुढे ती कोणी करायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहावे. आरोग्य अधिकाऱ्यांनीही तक्ता मागण्याआधी आपल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रसूती रजिस्टर मागवून त्यात २५०० हा आकडा किती वेळा आला आहे, ते मोजून पाहावे.