विश्लेषण : जेफरसन यांच्यावर ‘उचलेगिरी’चा आरोप, पत्रातून दिलेले उत्तर काय होते?

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात नवे काहीच नाही, असा आरोप त्याचे लेखक थॉमस जेफरसन यांच्यावर झाला होता. वयाच्या ८०व्या वर्षी त्यांनी जेम्स मॅडिसन यांना लिहिलेल्या पत्रात त्याला उत्तर दिले.

आरोप नेमका काय होता?

४ जुलै १८२३ रोजी टिमथी पिकरिंग यांनी सेलम येथे भाषण केले. त्यात त्यांनी जॉन अ‍ॅडम्स यांच्या एका पत्राचा आधार घेतला. जाहीरनाम्यातील प्रत्येक कल्पना काँग्रेसमध्ये आधीच चर्चून जुनी झाली होती, असे अ‍ॅडम्स यांचे म्हणणे. मसुद्यासाठी आपली आणि जेफरसन यांची दोघांचीच उपसमिती होती आणि आपण एकही बदल सुचवल्याचे आठवत नाही, असेही त्यांनी लिहिले होते. त्याआधी रिचर्ड हेन्री ली यांनी तर मजकूर जॉन लॉक यांच्या ग्रंथातून घेतल्याचे म्हटले होते.

जेफरसन यांनी पुरावा काय दिला?

३० ऑगस्ट १८२३च्या पत्रात त्यांनी अ‍ॅडम्स यांच्यावर राग काढला नाही. ४७ वर्षांनंतर स्मरणशक्ती दगा देऊ शकते, आपण मात्र त्याच वेळी केलेल्या टिपणांवरून बोलत आहोत, असे ते म्हणाले. उपसमिती नव्हतीच, पाच जणांच्या समितीने मसुद्याचे काम एकमताने आपल्यावर सोपवले. समितीपुढे ठेवण्याआधी मसुदा फ्रँकलिन आणि अ‍ॅडम्स यांना वेगवेगळा दाखवला. त्यांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या असलेला मूळ कागद आपल्याकडे आहे, असेही त्यांनी कळवले. म्हणजे अ‍ॅडम्स यांना जे आठवत नव्हते, ते कागदावर त्यांच्याच अक्षरात होते.

मग नक्कल केली की नाही?

इथे जेफरसन यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कल्पना नव्या नाहीत, हे खरे असू शकते. नव्या कल्पना शोधणे हे आपले काम नव्हतेच. त्या वाचनातून आल्या की विचारातून, हेही सांगता येणार नाही. मात्र लिहिताना एकही पुस्तक वा पत्रक उघडले नाही, एवढे ठामपणे सांगता येते.

उत्तराच्या मर्यादा कोणत्या?

हस्ताक्षरामुळे मसुदा कोणी दुरुस्त केला हे कळते. लिहिताना टेबलावर काय होते, हे कळत नाही. जॉर्ज मेसन यांचा व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जून १७७६ मध्ये फिलाडेल्फियातील वृत्तपत्रात छापून आला होता. त्याच्याशी जेफरसन यांच्या सुरुवातीच्या परिच्छेदाचे साम्य इतिहासकार पॉलीन मायर यांनी दाखवले. शिवाय सहकाऱ्यांच्या दुरुस्त्या दोन-तीनच आणि केवळ शाब्दिक होत्या, असे जेफरसन सांगतात. पण उरलेल्या मसुद्यावर त्याहून जास्त खाडाखोड दिसते. त्यातील काही नेमकी कोणाची, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. तो कागद आता अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.