उत्तर बरोबर, मांडणीचे काय?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची साठ मुलांची तुकडी आहे. प्रत्येकाने पायथॉनमध्ये वीजबिल काढणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला आहे. एकेक प्रोग्राम नीट वाचायला पाच मिनिटे धरली, तरी एका असाइनमेंटला पाच तास जातात. म्हणून तपासणीचे काम यंत्राकडे द्यायची कल्पना संगणक शिक्षणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकचे जॅक हॉलिंग्सवर्थ यांनी विद्यार्थ्यांचे प्रोग्राम आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामवर १९६० सालीच लेख लिहिला होता. आज रीत तीच आहे: ठरावीक आकडे द्यायचे, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे आणि जुळले की गुण द्यायचे. या एकेका तपासणीला टेस्ट केस म्हणतात.

आपल्या असाइनमेंटमधले दर सोपे, काल्पनिक आहेत. पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये, पुढच्या २०० युनिटांना ८ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक युनिटाला १२ रुपये. एका विद्यार्थ्याने असे लिहिले:

```python
u = int(input())
if u <= 100:
    print(u * 4)
if u > 100 and u <= 300:
    print(100 * 4 + (u - 100) * 8)
if u > 300:
    print(100 * 4 + 200 * 8 + (u - 300) * 12)
```

दुसरीने असे:

```python
SLABS = [(100, 4), (200, 8)]
LAST_RATE = 12

def bill(units):
    total = 0
    for size, rate in SLABS:
        used = min(units, size)
        total += used * rate
        units -= used
    return total + units * LAST_RATE

print("Bill:", bill(int(input())))
```

दहा टेस्ट लावल्या. पहिल्याला दहापैकी दहा, दुसरीला शून्य. तिचा हिशेब कुठेही चुकलेला नाही. यंत्राला नुसते 400 हवे होते, तिने Bill: 400 छापले. अक्षर न् अक्षर ताडणाऱ्या टेस्टला हा फरक हिशेबाच्या चुकीइतकाच मोठा वाटतो. अख्ख्या तुकडीत पुष्कळ शून्ये दिसली, तर मुलांच्या आधी टेस्टवर संशय घ्यावा. यावर चांगला उपाय म्हणजे आकडा वाचण्याचा आणि उत्तर छापण्याचा भाग शिक्षकांनीच लिहून द्यायचा, मुलांकडून फक्त bill हे फंक्शन मागायचे आणि टेस्टने थेट त्या फंक्शनला विचारायचे. मग छपाईचा प्रश्नच उरत नाही.

टेस्टची निवडही गुण फिरवते. ०, ५०, ९९, १०० हे आकडे पहिल्या टप्प्यातले, १०१, २५०, ३०० दुसऱ्यातले आणि ३०१, ५००, १००० तिसऱ्यातले. एखाद्या मुलाचा समज असा झाला की, सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. २५० युनिटांचे बिल १६०० रुपये यायला हवे, त्याचे येते २०००. या एका गैरसमजापायी सहा टेस्ट जातात. दुसऱ्या कुणी पहिल्या अटीत `<=` ऐवजी `<` टाकले, तर नेमक्या १०० युनिटांना काहीच छापले जात नाही, पण गुण एकच जातो. म्हणून टेस्ट सुट्या न मोजता गटाने मोजाव्यात: टप्प्यांच्या सीमा एक गट, टप्प्यांतला हिशेब दुसरा गट, शून्य युनिट तिसरा. प्रत्येक गटाला शिक्षकांनी आपल्या हेतूप्रमाणे गुण ठरवावेत. काही टेस्ट मुलांना आधी दाखवाव्यात आणि काही लपवून ठेवाव्यात. सगळ्याच उघड केल्या, तर ‘५० आले की २०० छाप’ असे लिहूनही पूर्ण गुण मिळवता येतात.

आता टेस्टला न दिसणारी बाजू. शाळेत गणिताच्या पेपरात उत्तराबरोबर पायऱ्यांनाही गुण असतात. इथे पायऱ्यांच्या जागी दोन गोष्टी येतात, शैली आणि रचना, आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. शैलीचा बराचसा भाग यंत्रच पाहते. पायथॉनच्या पेप-८ या नियमावलीत ओळ ७९ अक्षरांच्या आत असावी, जागा कुठे सोडावी वगैरे संकेत आहेत आणि ते तपासणारी फुकट साधने मिळतात. शिक्षकांनी त्यात वेळ घालवू नये. मुलांनीच सबमिट करण्याआधी ते साधन चालवावे. मात्र `u` हे नाव वाचणाऱ्याला काही सांगते का, हे साधनाला कळत नाही. `total` नावाखाली सरासरी ठेवली, तरी ते तक्रार करत नाही. नावे माणसानेच वाचायला हवीत.

रचनेचे गुण म्हणजे सरांची मर्जी, अशी मुलांची तक्रार असते, आणि ‘कोड नीटनेटका: ३ गुण’ एवढेच लिहिले असेल तर ती रास्तही असते. मर्जी बाजूला काढायला एक प्रश्न पुरतो: उद्या नियम बदलला, तर किती ठिकाणी हात लावावा लागेल? पहिला दर ४ चा ५ झाला, तर पहिल्या विद्यार्थ्याला तीन जागा बदलाव्या लागतील आणि एखादी राहिली तरी प्रोग्राम मुकाट चालत राहील. दुसरीला एकच. ५०० युनिटांवर १६ रुपयांचा नवा टप्पा आला, तर पहिल्याला जुनी अट मोडून आणखी एक लांब सूत्र लिहावे लागेल. दुसरी यादीत `(200, 12)` ही जोडी घालेल आणि शेवटचा दर बदलेल. हे ठिकाणे मोजून सांगता येते, त्यामुळे दोन परीक्षकांचे गुण फारसे लांब जात नाहीत. तरीही गठ्ठा वाटून घेण्याआधी दोघांनी तेच चार-पाच प्रोग्राम स्वतंत्रपणे तपासून गुण जुळवून पाहावेत.

मग वाटणी कशी करायची? हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या गाजलेल्या अभ्यासक्रमाने वर्षानुवर्षे वापरलेले सूत्र सोपे आहे: अचूकतेला ३, रचनेला २, शैलीला १ असे वजन. तिथे अचूकता check50 आणि शैली style50 या साधनांनी मुलांना आधीच पाहता येते. प्रत्येक बाबीला पाचपैकी गुण धरले, तर आपल्या पहिल्या विद्यार्थ्याला अचूकतेत ५, रचनेत २, शैलीत २ मिळून तीसपैकी २१ पडतील. पण सुबक लिहिलेल्या, मात्र बहुतेक टेस्ट चुकणाऱ्या प्रोग्रामला २, ५, ५ दिले, तर त्याचेही २१ च होतात. हे बहुतेकांना खटकेल. सीएस५० च्या सूत्रात ही बेरीज ‘कामाचा किती भाग केला’ या आकड्याने गुणली जाते, त्यामुळे अर्धवट सोडलेला सुबक प्रोग्राम मागे पडतो. पूर्ण केलेला पण चुकीचा प्रोग्राम त्यातूनही सुटतो. दुसरा मार्ग म्हणजे निम्म्या टेस्ट पास झाल्याशिवाय रचनेला दोनपेक्षा जास्त गुण नाहीत, असा उंबरठा ठेवणे. तो गटांवर मोजावा, नाहीतर एका गैरसमजाने सहा टेस्ट गमावलेले मूल पुन्हा एकदा मार खाते.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांना यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. प्रॅक्टिकलची तोंडी परीक्षा आपल्याकडे आहेच. तिथे पाठ व्याख्या विचारण्याऐवजी मुलाचाच प्रोग्राम उघडावा आणि ‘नवा टप्पा घालून दाखव’ म्हणावे. रचना कशी आहे आणि कोड खरोखर त्याचा आहे का, दोन्ही पाच मिनिटांत कळते. शिक्षकांनी गुणांची वाटणी आणि हा बदलाचा प्रश्न असाइनमेंटच्या कागदावर आधीच छापून द्यावा. काय तपासले जाणार हे माहीत असेल, तरच मुले तसे लिहायला शिकतील.