ताप उतरला, ईएसआर का उतरत नाही?

न्यूमोनिया झालेल्या पन्नाशीतल्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. औषधं सुरू झाली त्या दिवशी त्याचा सीआरपी लिटरला 160 मिलिग्रॅम होता आणि ईएसआर 70. पाच दिवसांनी ताप गेला, सीआरपी 14 वर आला; पण ईएसआर 66 वरच. घरच्यांना वाटतं, दुखणं आत मुरलंय. बहुधा तसं नसतं. दोन्ही आकड्यांमागचा निरोप एकच, पण तो पुसला जायला लागणारा वेळ वेगळा.

फुप्फुसातल्या जंतूंशी भिडलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-6 नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ते यकृतापर्यंत पोचलं की यकृत आपली कामं बदलतं. सीआरपी काही तासांतच वाढू लागतं, दोनेक दिवसांत शिखर गाठतं आणि जंतूंना चिकटून त्यांना ओळखू येण्याजोगं करतं. निरोप थांबला की नवं सीआरपी बनत नाही आणि असलेलं साधारण 19 तासांत निम्मं होतं. म्हणून ते झपाट्यानं उतरतं.

यकृत फायब्रिनोजेनही जास्त बनवतं. ईएसआर वाढतो तो मुख्यतः त्यामुळे. तांबड्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना दूर ढकलतात. फायब्रिनोजेन वाढलं की हा दुरावा कमी होतो आणि पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटतात. जड चळत एकट्या पेशीपेक्षा लवकर खाली बसते. उभ्या नळीत तासाभरात वर किती मिलिमीटर पिवळसर पाणी मोकळं झालं, तेच ईएसआर. फायब्रिनोजेन निम्मं व्हायलाच सुमारे चार दिवस लागतात, म्हणून आपल्या रुग्णाचा आकडा रेंगाळतो.

याच निरोपावर यकृत हेप्सिडिनही सोडतं. पेशींतून लोह बाहेर पडण्याचं दार ते बंद करतं. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून ही नाकेबंदी. दुखणं लांबलं तर मात्र लोह साठ्यात अडकून राहतं, आतड्यातूनही रक्तात नीट शिरत नाही आणि हिमोग्लोबिन उतरतं. अशा वेळी लोहाच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. तपासणीत रक्तातलं लोह कमी, पण फेरिटिन नेहमीइतकं किंवा जास्त दिसतं. रक्तक्षय झाला की ईएसआर आणखी चढतो, कारण पेशी कमी असल्या की चळती सहज खाली बसतात. गरोदरपणात आणि वाढत्या वयातही तो एरवीच जास्त असतो.

सीआरपीही कधी चकवतं. संधिवातावरचं टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-6 चा निरोपच अडवतं. ते घेणाऱ्याला जंतुसंसर्ग झाला, तरी सीआरपी गप्प राहू शकतं. तिथे आकड्यापेक्षा रुग्णाचा श्वास, नाडी आणि तक्रार यांवर जास्त भिस्त ठेवावी लागते.