मिरवणुकीसाठी नऊवारी: नेसताना पाय फाकवून उभ्या राहा

गुढीपाडव्याची शोभायात्रा जवळ आली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांआधी नऊवारीचा विषय निघतो. कुणाकडे आजीची इरकल आहे, कुणी नवी घेतलीय, कुणाला नेसवून देणारी हवीय. आणि एक वाक्य हमखास येतं, "नेसायला हौस आहे हो, पण तीन तास चालायचं कसं?" आज आपण त्याबद्दलच बोलू.

खरं तर नऊवारी ही चालायची साडी आहे. शेतात लावणी करायला, डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायला बायका हीच साडी नेसत आल्या. दोन्ही पाय वेगळे होतात, म्हणून सहावारीपेक्षा तिच्यात ढांग मोठी टाकता येते. मग मिरवणुकीत ती अडते का? आमच्या पाहण्यात कारण बहुतेक एकच असतं. आपण आरशासमोर पाय जुळवून, ताठ उभ्या राहून नेसतो. उभं राहायला ती सुरेख बसते. पहिलं मोठं पाऊल टाकलं की मांडीत कापड ताणतं, आणि ताण जातो तो थेट मागे खोचलेल्या काष्ट्यावर.

म्हणून आधी उभं कसं राहायचं ते सांगतो. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, पावलं किंचित बाहेर वळलेली, गुडघे जरासे वाकलेले. आणि पायात त्या दिवशी घालणार तीच चप्पल. आत सुती, गुडघ्याच्या वरपर्यंत येणारी चड्डी असू द्या, मांड्या घासत नाहीत. परकर नको, तो दोन पाय वेगळे होऊ देत नाही.

नेसायची रीत घराघरांत निराळी असते, तुमच्या घरची असेल तीच ठेवा. आम्ही गटात शिकवतो ती सोपी आहे. साडी कमरेमागून घेऊन, पदराची बाजू लांब आणि दुसरी आखूड ठेवून, पोटावर वरच्या काठांची गाठ मारायची. गाठ मारताना पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास चालू असताना गाठीखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. रेशमी साडीची गाठ निसटते, म्हणून आधी कमरेला सुती नाडी बांधावी आणि साडीचा वरचा काठ तिच्यात खोचावा. मग लांब बाजू पाठीमागून फिरवून डाव्या खांद्यावर पदर घ्यायचा. मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून पोटाशी खोचायच्या. शेवटी निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग धरून, दोन पायांमधून मागे नेऊन, पाठीच्या कण्याच्या बरोबर मधे खोचायचा. हाच काष्टा.

इथे घाई करू नका. काष्टा मागे नेताना गुडघे वाकलेले ठेवा, आणि कापड तंग ओढण्याऐवजी मांड्यांमधे तळहात सहज मावेल एवढा घोळ सोडा. मग चार बोटं खोल खोचा. आपण काठ छान दिसावा म्हणून वरवर खोचतो, आणि तोच आधी सुटतो.

नेसून झाली की लगेच दागिन्यांकडे वळू नका. आधी उकिडवं बसून उठा. जिन्याची एक पायरी चढा. मग अंगणात दहा लांब ढांगा टाका. बसताना मागचा काष्टा सरकला तर घोळ कमी पडलाय. चालताना पुढचा काठ चपलेखाली आला तर घोळ जास्त झालाय किंवा साडी खाली बांधली गेलीय. काष्टा जागेवर आहे पण निऱ्याच खाली उतरतायत, तर गाठ ढिली आहे. तिन्हींचं दुखणं निराळं, तेव्हा आणखी चार पिना लावून ते जात नाही.

आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांची उंची पाच फूट, आणि साडी नवी, गुळगुळीत, रुंद पन्ह्याची. लेझीमच्या सरावात खाली बसायचा डाव आला की काष्टा बाहेर. त्यांच्या जावेनं मागे तीन पिना लावून दिल्या, तर पिनेजवळ कापड फाटायला लागलं. आम्ही साडी सोडून पुन्हा नेसवली. गाठ मारायच्या आधी वरचा काठ चार इंच आत दुमडला, कारण बुटक्या बाईला पन्ह्याचं कापड जास्त होतं आणि ते खाली पायात येतं. कमरेला नाडी बांधली. आणि काष्टा खोचताना त्यांना लेझीमच्या पवित्र्यातच उभं केलं. खालचा काठ घोट्याच्या हाडाच्या जरा वर आला. पुढचे सगळे डाव झाले, काष्टा हलला नाही. पिन राहिली एकच, खांद्यावर पदराला. पदराचं दुसरं टोक कमरेला खोचलं, म्हणजे हात मोकळे.

काष्ट्याला पिना नकोत याचं आणखी एक कारण आहे, आणि ते उघड बोलायला हवं. मिरवणुकीच्या सकाळी कितीतरी बायका पाणीच पीत नाहीत, लघवीला जायची पंचाईत होईल म्हणून. चैत्राच्या उन्हात तीन तास, वर उपाशीपोटी, मग कुणाला चक्कर येते, कुणाला दुसऱ्या दिवशी जळजळ होते. नुसता खोचलेला काष्टा मागून सोडता येतो आणि परत खोचता येतो. घरी दोनदा करून बघा, आरशाशिवाय. वाटेत जाताना एक मैत्रीण बरोबर न्या, ती काठ धरेल. शिवलेली नऊवारी घालायला झटपट, पण ती पूर्ण खाली उतरवावी लागते, आणि ओल्या फरशीवर ते अवघड जातं. घ्यायचीच तर घालून, बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पायांकडे. नऊवारीवर कोल्हापुरी शोभते यात वाद नाही, पण नवी कोरी कोल्हापुरी त्या दिवशी पहिल्यांदा घालू नये. आठ-दहा दिवस आधीपासून घरात रोज अर्धा तास घाला, आणि अंगठ्याच्या व वरच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेल तेल चोळा. चामडं मऊ पडतं. जोडवी घालणाऱ्यांनी जोडवं आणि चपलेचा पट्टा एकमेकांवर घासतात का ते बघावं, तिथे पहिला फोड येतो. चामड्याचा तळ गुळगुळीत असतो. रस्त्यावरच्या रांगोळीवर आणि सडा घातलेल्या जागी तो घसरतो, म्हणून चांभाराकडून खाली पातळ रबर लावून घ्या. लेझीम किंवा ढोल असेल तर मागे पट्टा असलेली सपाट चप्पल बरी, कोल्हापुरी उडी मारताना टाचेला सुटते. टाचेची चप्पल नकोच, तिनं साडीची उंचीही चुकते आणि तोलही. अनवाणी चालायचा विचार असेल तर सकाळी लवकर ठीक, अकरानंतर डांबर भाजतं.

कमरेच्या पिशवीत एक जादा पिन, थोडा कापूस आणि चिकटपट्टी ठेवा. आणि स्कूटरवरून मिरवणुकीच्या ठिकाणी जाणार असाल तर पदर बसण्याआधीच कमरेला गुंडाळून खोचा. मागे बसणारीनं तर नक्कीच, कारण तिचा पदर चाकाच्या जास्त जवळ असतो.