सर, एंड पॉइंट पुढे गेला

बारावीच्या केमिस्ट्रीच्या सरांकडे वर्षातून चार-पाच चिठ्ठ्या हमखास येतात. मजकूर ठरलेला: "काल माझं प्रॅक्टिकल नीट आलं नाही, तरी कृपया पुन्हा करू द्यावं." सर ती वाचतात आणि खिशात ठेवतात. त्यांचा तरी काय दोष? पुन्हा करू द्यायचं म्हणजे लॅब असिस्टंटला थांबवायचं, द्रावणं काढायची, दुसऱ्या बॅचच्या गर्दीत एक टेबल मोकळं करायचं. एवढं सगळं करण्याआधी नेमकं काय बिघडलं आणि आता किती साहित्य लागणार, हे त्यांना कळायला हवं. चिठ्ठीत नेमकं तेच नसतं.

टायट्रेशनचा एंड पॉइंट पुढे जाणं ही त्यातली सर्वांत नेहमीची तक्रार. बारावीला पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन असतं, तेच उदाहरण घेऊ. पूर्वी विहिरीत टाकायचे ते जांभळं औषध म्हणजेच हे परमँगनेट.

ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट भरायचं. त्याची तीव्रता किती ते शोधायचंय. खाली कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं. त्याची तीव्रता आधीच ठाऊक असते, समजा 0.05 मोलर. त्यात टेस्ट ट्यूबभर डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड ओतायचं आणि साठ-सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत गरम करायचं. मग ब्युरेटची तोटी सोडायची आणि फ्लास्क हलवत राहायचं. ऑक्झॅलिक ॲसिड शिल्लक आहे तोवर पडणारा प्रत्येक थेंब रंगहीन होतो. ते संपलं की पुढच्या एकाच थेंबाने सगळं द्रावण फिक्कट गुलाबी होतं आणि अर्धा मिनिट तसंच राहतं. तो एंड पॉइंट. वेगळा इंडिकेटर लागत नाही, परमँगनेटचा स्वतःचा रंगच ते काम करतो.

वाचायला सोपं वाटतं, पण या रिॲक्शनची चाल मोठी फसवी आहे. पहिला थेंब पडतो आणि गुलाबी रंग जातच नाही. नवखा मुलगा दचकतो, एवढ्यात एंड पॉइंट आला की काय? काही सेकंदांनी रंग निवळतो. दुसरा थेंब जरा लवकर निवळतो, तिसरा आणखी लवकर. कारण या रिॲक्शनमध्ये तयार होणारे मँगनीजचे आयन स्वतःच तिचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतात, म्हणून सुरुवात रेंगाळते. एकदा ते पुरेसे झाले की जांभळी धार पडता पडता नाहीशी होते. इथेच हात सैल सुटतो. पाच मिली, सात मिली, नऊ मिली, रंग टिकायचं नाव नाही. तोटी उघडीच राहते. आणि शेवटाकडे ऑक्झॅलिक ॲसिड जेमतेम उरल्यावर रिॲक्शन पुन्हा मंदावते, त्यात फ्लास्कही थोडा निवलेला असतो. रंग जायला क्षणभर उशीर होऊ लागला, हा तोटी आवळण्याचा इशारा असतो. तो इशारा कळेपर्यंत आठ-दहा थेंब जास्त पडलेले असतात. वीस थेंबांचा साधारण एक मिली होतो, म्हणजे अर्धा मिली गेला. फ्लास्कमध्ये मग फिक्कट गुलाबी छटेऐवजी डाळिंबी रंग दिसतो.

इथे सरांच्या मनात पहिली शंका येणार: कशावरून एंड पॉइंटच पुढे गेला? दुसरं काही चुकलं नसेल? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर देता येतं, कारण प्रत्येक चूक रीडिंगला आपल्या दिशेने ढकलते. द्रावण गार राहिलं आणि रंग अर्धा मिनिट टिकतोय का हे न पाहताच थांबलं, तर रीडिंग कमी येतं. द्रावण उकळेपर्यंत तापवलं, तर थोडं ऑक्झॅलिक ॲसिड आधीच विघटित होतं. रीडिंग याही वेळी कमीच. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं तर मात्र परमँगनेट जास्त लागतं आणि रीडिंग वाढतं, पण तेव्हा फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. द्रावण स्वच्छ आहे, रंग गडद गुलाबी आहे आणि रीडिंग जास्त आहे, असं तिन्ही जुळलं तर एंड पॉइंट पुढे गेलाय, यात फारशी शंका उरत नाही. राहिली गोष्ट रीडिंग वाचण्याची. परमँगनेट इतकं गडद असतं की खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच वाचली, तर फरक बरोबरच येतो. त्यामुळे "सर, मेनिस्कस दिसत नव्हता" ही सबब चालत नाही.

आता आकडे पाहू. आधी पायलट रीडिंग घेतात, म्हणजे एकेक मिली सोडून अंदाज काढतात. समजा 10 मिलीला रंग जात होता आणि 11 ला टिकला. मग तीन फ्लास्क केले, रीडिंग आली 10.9, 10.4 आणि 10.7. मुलं इथे दोनपैकी एक करतात. काही सरासरी काढतात, 10.67. काही शेजारच्या जर्नलमध्ये डोकावून तिन्ही ठिकाणी 10.4 लिहून मोकळी होतात. दुसरा प्रकार काय आहे ते सांगायला नको. पहिला प्रामाणिक आहे, पण चुकीचा आहे. एकदा जास्त, एकदा कमी अशा चुका असतील तर सरासरीत त्या एकमेकींना काटतात. एंड पॉइंट पुढे जाण्याची चूक मात्र रीडिंग नेहमी वाढवतेच. तीन वाढीव आकड्यांची सरासरीही वाढीवच येणार.

म्हणून या तिघांत सर्वांत विश्वासाचं रीडिंग सर्वांत लहान, 10.4. तेही खरं असेलच असं नाही, एखाद-दोन थेंब तिथेही पुढे गेले असतील. ठामपणे एवढंच म्हणता येतं की खरा आकडा 10 च्या वर आहे, हे पायलट सांगतं, आणि 10.4 च्या वर नाही, हे या फ्लास्कवरून कळतं. 10.4 धरून परमँगनेट 0.0192 मोलर येतं, म्हणजे लिटरला सुमारे 3.04 ग्रॅम. सरासरी धरली तर 0.01875 मोलर, म्हणजे 2.96 ग्रॅम. परमँगनेट जास्त सांडलं की ते जितकं आहे त्यापेक्षा पातळ वाटतं. आणि 10.4 ला जोडीदार रीडिंग मिळत नाही, तोवर जर्नलमध्ये 'कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग' म्हणून त्याला लिहिता येत नाही.

हे सगळं हाताशी असलं की पत्र फार लांब होत नाही. नमुना असा:

"आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार. कालच्या ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये माझी रीडिंग 10.9, 10.4 आणि 10.7 मिली अशी आली. पायलट 10 ते 11 होतं. पहिल्या आणि तिसऱ्या फ्लास्कमध्ये रंग गडद गुलाबी झाला होता. द्रावण स्वच्छ होतं, तपकिरीपणा नव्हता, म्हणून ॲसिड कमी पडलं असं वाटत नाही. मध्ये रंग पटापट जात होता तेव्हा मी तोटी मोठी ठेवली आणि 10 मिलीच्या पुढेही ती कमी केली नाही. दुसऱ्या फ्लास्कला थेंब थेंब सोडलं, तिथे रंग फिक्कट आला.
10.4 बरोबर असावं असं वाटतं, पण ते एकदाच आलं आहे, म्हणून मी ते कॉन्स्टंट रीडिंग म्हणून लिहिलेलं नाही. तिन्ही रीडिंग जर्नलमध्ये जशीच्या तशी आहेत. चौथ्या फ्लास्कला वेळ उरला नाही आणि माझ्याकडचं ऑक्झॅलिक ॲसिडही संपलं होतं.
मला पूर्ण प्रॅक्टिकल नको, फक्त तीन फ्लास्क करू द्यावेत. पिपेट आणि ब्युरेट धुण्यासकट दोन्ही द्रावणं साधारण 50-50 मिली लागतील आणि अर्धा तास पुरेल. दुसऱ्या बॅचच्या वेळी एखादं टेबल रिकामं असेल तर मी तेव्हा येईन. 9 मिलीपर्यंत धार, त्यापुढे एकेक थेंब, असं करायचं ठरवलं आहे.
आपली विद्यार्थिनी"

या पत्रात "चुकून", "गडबडीत", "तब्येत बरी नव्हती" यांतलं काही नाही. सरांना त्याचा उपयोगही नसतो. तोटी कुठे मोठी राहिली हे त्यांना कळलं की पुढच्या वेळी ते बरोबर 9 मिलीला टेबलाशी येऊन उभे राहतील.

तीनच फ्लास्क मागितलेत, पण तिन्ही नव्याने करायचेत, हे मुद्दाम सांगायला हवं. नवं एक रीडिंग काढून त्याची कालच्या 10.4 शी जोडी लावली तर चालणार नाही. परमँगनेटचं द्रावण ठेवल्या ठेवल्या बदलतं. उजेडाने आणि धुळीतल्या सेंद्रिय कणांनी ते हळूहळू क्षीण होतं, म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवतात. आठवड्याने तीच बाटली उघडली तरी आकडा थोडा सरकलेला असू शकतो, आणि नवं द्रावण केलेलं असेल तर तो वेगळाच येईल. सरांनी परवानगी दिली तर बाटली कोणती, हे आधी विचारून घ्यावं.

काही सर या पत्रावर उलट एक प्रश्न विचारतात: फ्लास्क ओतून का दिलास? पुढे गेलेला एंड पॉइंट मागे आणता येतो. त्याच फ्लास्कमध्ये ग्रॅज्युएटेड पिपेटने आणखी 1 मिली ऑक्झॅलिक ॲसिड टाकायचं. गुलाबी रंग जातो. पुन्हा गरम करून थेंब थेंब परमँगनेट सोडायचं आणि जे एकूण रीडिंग येईल ते 10 ऐवजी 11 मिलीसाठी धरायचं. 10.9 ला बिघडलेला फ्लास्क असा 11.4 च्या आसपास येऊन थांबला, तर दहा मिलीचा हिशेब 10.4 च्या जवळ पडतो आणि जोडीदार तिथल्या तिथे मिळतो. हे लगेच करावं लागतं, कारण जास्तीचं परमँगनेट गरम द्रावणात पडून राहिलं तर तपकिरी साका धरू लागतं आणि मग तो फ्लास्क कामाचा राहत नाही. जर्नलच्या तक्त्यात यासाठी रकाना नसतो. तेव्हा हे करण्याआधी सरांना हाक मारावी आणि त्यांच्या सहीनिशी खाली टीप लिहावी.