मूळ पगारातला रुपया

मागणीपत्र, मान्यता, संप, टाळेबंदी यांची उजळणी इथे करत नाही. या अंकाच्या वाचकांना ती ठाऊक आहे. कॅन्टीन, गणवेश, बस यांवरही बहुतेकदा लवकर एकमत होतं. माझा जुना आग्रह एकाच गोष्टीचा: युनियनसमोर बसण्याआधी व्यवस्थापकाने पगारवाढीची खरी किंमत स्वतः काढावी.

समजा, दोनशे कामगार, प्रत्येकाची सेवा वीस वर्षांची आणि मागणी ३,००० रुपयांची, सगळी मूळ पगारात. घाईचा व्यवस्थापक महिन्याला ६ लाख मांडून थांबतो. पूर्ण मूळ पगारावर पीएफ भरणाऱ्या कारखान्यात १२ टक्क्यांनी माणशी आणखी ३६० रुपये जातात. दुप्पट दराचा ओव्हरटाइमही वाढतो. खरी मेख ग्रॅच्युइटीत आहे. ती शेवटच्या पगारावर, सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवस आणि महिना २६ दिवसांचा धरून मोजतात. म्हणून आजची वाढ मागच्या वीसही वर्षांना लागू होते. माणशी सुमारे ३४,६०० रुपये, दोनशे जणांचे ६९ लाखांच्या वर. हा बोजा सही झाल्या दिवशीच डोक्यावर येतो.

याच कारणाने निवृत्तीजवळचे कामगार मूळ पगारासाठी अडून बसतात. तरुणांना रोख हातात हवी असते, घरभाडे भत्ता चालतो. म्हणून कामगारांची वयं आणि सेवेची वर्षं आधी मांडा. किती वाढ मूळ पगारात आणि किती भत्त्यात, याची वाटणी त्यावरच ठरते. ‘सगळं भत्त्यांत घाला’ हा काही सल्लागारांचा मंत्र मला कधीच पटला नाही. कामगार त्यातली म्हातारपणाची चोरी ओळखतो. शिवाय वेतन संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, की वरचा भाग वेतनातच धरला जातो.

करार कोणाशी, हेही तितकंच महत्त्वाचं. परस्पर केलेला करार सही करणाऱ्या पक्षांपुरताच बांधील असतो. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला सर्व कामगारांना बांधतो. पण कायद्याची मान्यता म्हणजे कामगारांचा विश्वास नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत १९४६च्या कायद्याने प्रतिनिधित्व राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं. १८ जानेवारी १९८२ला मात्र सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांमागे संपावर गेले. मालकांना कायद्याने ज्यांच्याशी बोलायचं होतं, त्यांच्यामागे कामगार उरलेच नव्हते.

आजचे एचआर अधिकारी खात्यात फिरत नाहीत. कंत्राटी कामगार वाढवून युनियनच नको म्हणतात. मग कामगारांच्या मनात काय आहे हे त्यांना संपाच्या नोटिशीतूनच कळतं. तरुण व्यवस्थापकांना माझं सांगणं आहे: पुढचं मागणीपत्र हाती आलं, की सल्लागाराला फोन करण्याआधी सेवेची यादी काढा आणि खात्यात एक फेरी मारा.