पुढचा भाग पाहिला जातो का? प्लेलिस्टच्या अहवालातून मालिकेच्या क्रमाची तपासणी

यूट्यूबवर एखादा विषय भागाभागांत मांडला की ते भाग एका प्लेलिस्टमध्ये ओवले जातात. एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो, त्यामुळे कोणता भाग कुठे ठेवला याला महत्त्व येते. हा क्रम प्रेक्षकाला पुढे नेतो की मध्येच सोडून देतो, हे चॅनेल चालवणाऱ्याला यूट्यूब स्टुडिओतील अहवालावरून बऱ्यापैकी कळू शकते. त्यासाठी योग्य आकडा निवडून तो भागांच्या क्रमाने वाचावा लागतो.

पहिला गोंधळ व्ह्यूजचाच होतो. प्लेलिस्टच्या अहवालात दोन वेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. एक आकडा त्यातल्या सर्व व्हिडिओंना कुठूनही मिळालेल्या व्ह्यूजची बेरीज असतो: शोधातून, व्हॉट्सॲपवरच्या लिंकमधून, सुचवलेल्या व्हिडिओंतून. दुसरा आकडा फक्त त्या प्लेलिस्टमधून पाहिलेल्यांचा असतो आणि पडद्यावर तो Views from playlist या नावाने येतो. क्रमाचा प्रश्न विचारायचा असेल तर दुसराच आकडा कामाचा. शोधातून थेट सातव्या भागावर आलेल्या माणसाने सहावा पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या येण्यावरून क्रमाबद्दल काहीच ठरत नाही.

प्लेलिस्ट एकदा सुरू केल्यावर सरासरी किती व्हिडिओ पाहिले गेले, हे सांगणारेही एक माप यूट्यूबकडे आहे. दहा भागांच्या मालिकेत ते दीडच्या आसपास रेंगाळत असेल तर बहुतेक लोक दुसऱ्या भागापर्यंतही पोचत नाहीत. मात्र यूट्यूबच्या तांत्रिक कागदपत्रांनुसार या मापात वेबवर पाहिलेलेच धरले जाते, त्यामुळे ज्या मालिकेचा प्रेक्षक मुख्यतः मोबाइल ॲपवर आहे तिच्याबाबतीत हा आकडा जपूनच वापरावा. शिवाय सरासरीतून गळती कुठे झाली ते दिसत नाही. त्यासाठी एकेका भागाकडे जावे लागते. प्रत्येक व्हिडिओच्या अहवालात प्रेक्षक कोणत्या वाटेने आले याची यादी असते. त्यात ‘प्लेलिस्ट’ ही वाट उघडली की कोणत्या प्लेलिस्टमधून किती जण आले ते दिसते. सर्व भागांचे हे आकडे एका कागदावर क्रमाने मांडायचे आणि प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागायचे, एवढेच गणित.

समजा, मोडी लिपी शिकवणारी आठ भागांची मालिका आहे. पहिल्या भागात ओळख, मग स्वर, व्यंजने आणि जोडाक्षरे. पाचव्या भागात लिपीच्या इतिहासावर चाळीस मिनिटांचे व्याख्यान. सहाव्यापासून आठव्यापर्यंत जुन्या कागदांचे प्रत्यक्ष वाचन. सगळे भाग प्रसिद्ध झाल्यानंतरच्या 28 दिवसांत प्लेलिस्टमधून मिळालेले व्ह्यूज अनुक्रमे 1000, 620, 520, 450, 210, 190, 170 आणि 155 आहेत, असे धरू.

पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना 62 टक्के उरतात. पहिला भाग अनेक जण नुसता चाखून पाहतात, म्हणून ही घट कोणत्याही मालिकेत अपेक्षित असते. तिच्यावरून क्रम चुकला असे म्हणता येत नाही. पुढे 84 आणि 87 टक्के, म्हणजे बसलेला प्रेक्षक टिकून आहे. चौथ्यावरून पाचव्यावर मात्र 47 टक्केच उरतात आणि नंतर प्रमाण पुन्हा नव्वदीच्या घरात जाते. अशी एकट्या जागी पडलेली पायरीच शोधायची असते. सगळीकडे थोडी थोडी गळती असेल तर दोष क्रमाचा नाही.

पायरी सापडली तरी ती क्रमामुळेच आहे, हे ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, चौथ्या भागाचा आलेख: लोक तो शेवटपर्यंत पाहतात की अर्ध्यातच उठतात? अर्ध्यातच उठत असतील तर दुरुस्ती चौथ्या भागाची करायची. जोडाक्षरे नीट शिकून झालेला माणूस इतिहासाच्या शीर्षकापाशी थांबत असेल, तरच प्रश्न जागेचा. दुसरी गोष्ट सहाव्या भागाचा आकडा. लोकांनी पाचवा भाग ओलांडून सहावा उघडला असता तर तिथे 210 पेक्षा बरेच जास्त व्ह्यूज दिसले असते. इथे ते 190 आहेत. म्हणजे व्याख्यानाला वगळून पुढे गेलेले फारसे कोणी नाहीत. बहुतेकांनी मालिकाच सोडली. अहवालातून मिळणारी सर्वांत मोलाची माहिती हीच, कारण शिकायला आलेला माणूस इथे हातचा जातो.

आपोआप सुरू होण्यामुळे आणखी एक फसगत होते. पुढचा भाग सुरू झाला म्हणजे तो पाहिला गेला असे नाही. प्रेक्षक पहिल्या काही क्षणांत पडदा बंद करू शकतो. म्हणून प्रत्येक भागातली सरासरी पाहण्याची वेळ शेजारी लिहावी. पाचव्याचे व्ह्यूज 210 असून सरासरी दोनच मिनिटे असेल, तर प्रत्यक्ष टिकलेले लोक त्याहून खूप कमी आहेत.

आता व्याख्यान शेवटी नेले. शीर्षके, चित्रे आणि वर्णन यांना हात लावायचा नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. प्लेलिस्टची मांडणी हाताने लावलेली असावी. ती ‘नवीन आधी’ वर राहिली तर शेवटचा भाग सर्वांत वर येतो आणि नवखा प्रेक्षक तिथूनच सुरुवात करतो, ही चूक फार सर्रास दिसते. नव्या क्रमाचे 28 दिवस झाल्यावर आकडे असे आले असे मानू: 980, 610, 510, 440, 352, 317, 285 आणि शेवटच्या व्याख्यानाला 150.

चौथ्यानंतर आता 80 टक्के लोक पुढे जातात. वाचनाचे तीन भाग 190, 170, 155 ऐवजी 352, 317, 285 वेळा पाहिले गेले. व्याख्यानाचे मात्र 210 वरून 150 झाले. म्हणजे व्याख्यानाकडे जाताना होणारी गळती त्याच्याबरोबरच शेवटी गेली. फक्त आता तिच्यामागे बुडण्यासारखे काही उरले नाही. व्याख्यानाने साठ व्ह्यूज गमावले आणि वाचनाच्या भागांनी मिळून 439 मिळवले. लिपी शिकवणे हा हेतू असेल तर हा सौदा निश्चित चांगला. इतिहास सांगणे हाच हेतू असेल, तर व्याख्यान लहान करून दोन भागांत विभागणे अधिक योग्य ठरेल.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. प्लेलिस्टसाठी अर्ध्या प्रेक्षकांना जुना आणि अर्ध्यांना नवा क्रम दाखवण्याची सोय नाही. तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाचीच होते, आणि त्या मधल्या काळात परीक्षा, सण किंवा एखादी बातमी आकडे हलवू शकते. म्हणून त्याच चॅनेलवरची क्रम न बदललेली दुसरी प्लेलिस्ट त्याच दोन कालखंडांत पाहावी. तिथेही तेवढीच वाढ असेल तर श्रेय क्रमाला देता येत नाही. आकडे लहान असतील तर थांबणेच बरे: 450 चे 210 होणे हा योगायोग मानता येत नाही, पण वीसचे चौदा होणे मानता येते.

शिवाय सगळे प्रेक्षक प्लेलिस्टमधून पुढे जातातच असे नाही. व्हिडिओच्या शेवटच्या पडद्यावरचे चौकोन दाबून गेलेल्यांची नोंद End screens या वाटेखाली वेगळी होते. पाचव्या भागाला त्या वाटेने भरपूर लोक येत असतील, तर प्लेलिस्टमधली घट दिसते त्यापेक्षा खरी तर लहान असते. जे भाग अजून यायचे आहेत अशा चालू मालिकेत मात्र हे गणित लावता येत नाही, कारण कालच आलेल्या भागाला पाहिले जाण्यासाठी वेळच मिळालेला नसतो.